ऐलमा पैलमा : शब्द कळले की ओळी जुळतात

‘ऐलमा पैलमा गणेश देवा’ यातल्या ऐलमा-पैलमा या देवी आहेत का? आमच्याकडे दोघी बहिणी म्हणून सांगतात.

बहिणी शोधायला नकोत. ऐल म्हणजे अलीकडचे, पैल म्हणजे पलीकडचे. ऐलतीर-पैलतीर हे शब्द आजही आहेत, आणि ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ मधला ‘पैल’ तोच. मागचा ‘मा’ लयीसाठी आला असे धरावे. ऐलीकडच्या, पैलीकडच्या गणेशदेवा, खेळ मांडू दे, तुझी सेवा करीन, अशी ही हाक आहे. भोंडल्याचा फेर या गाण्याने सुरू होतो तो त्यामुळेच.

‘खेळ मांडिला वेशीच्या दारी, पारवं घुमतंय पारावरी.’ वेस म्हणजे गावाची हद्द ना? मग तिला दार कसे?

हद्द हा अर्थ आज रूढ आहे. पण तटबंदीच्या गावात आत शिरायचा जो मोठा दरवाजा असे, त्यालाही वेसच म्हणत. पारवं म्हणजे पारवा, कबुतराच्या जातीचा पक्षी. पार म्हणजे वड-पिंपळाभोवती बांधलेला चौथरा. काही ठिकाणी ‘बुरुजावरी’ म्हणतात. वेशीशेजारी बुरूज असायचाच, त्यामुळे तोही पाठ चित्रात बसतो.

‘आयुष्य दे रे भाळी’ बरोबर की ‘माळी’? आणि माळी मध्येच ‘शेतभाता’ कशाला जातो?

नुसता अर्थ पाहिला तर ‘भाळी’ सरस वाटते. आयुष्य भाळावर लिहितात ना! पण पुढची ओळ ‘माळी गेला शेतभाता’ अशी उघडते. हे गाणे साखळीचे आहे. ‘खातील काय दुधोंडे’ म्हटले की पुढे ‘दुधोंड्यांची लागली टाळी’. ‘थेंबोथेंबी’वर ओळ संपली की पुढची ‘थेंबोथेंबी’नेच उचलायची. आधीच्या ओळीत माळी नसेल तर पुढचा माळी कुठून आला, ते कळत नाही. म्हणून माझे मत ‘माळी’ला. कडीसाठी आलेला शब्द आहे, त्यात माळ्याची गोष्ट शोधू नये.

‘शेतभाता’ मात्र अर्थाचा शब्द आहे. शेतभात म्हणजे शेतीवाडी. शेवटचा ‘आ’ आज आपण ‘ला’ किंवा ‘त’ लावतो त्या जागी आहे. ‘गावा गेला’, ‘माहेरा जाते’ ही तशीच रूपे. म्हणजे माळी शेताकडे गेला आणि येता-जाता त्याला पाऊस लागला. हा ‘आ’ ओळखता आला की पुढचा ‘अंगणा’सुद्धा सुटतो.

‘थेंबोथेंबी आडव्या लोंबी, आडव्या लोंबती अंगणा.’ मुलीला हे समजावताना मी अडकले. काय लोंबते?

भात लोंबतो. लोंबी म्हणजे भाताचे कणीस. गव्हाची ती ओंबी, ज्वारीचे ते कणीस, भाताची लोंबी. भाताचा तुरा दाणे भरले की वजनाने खाली वाकतो, म्हणून नाव शोभते. पहिल्या ओळीत ‘लोंबी’ हे नाम आहे, दुसरीत ‘लोंबती’ हे क्रियापद. कडी जोडताना नामाचे क्रियापद केले आहे. तुमची गाठ तिथेच बसली असणार. ‘अंगणा’ म्हणजे अंगणात. अर्थ सरळ लागतो : पावसा, थेंबाथेंबाने पड, लोंब्या आडव्या होऊन अंगणात लोंबतायत.

आता ‘थेंबोथेंबी’च का? भोंडला सूर्य हस्त नक्षत्रात असताना खेळतात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे. भातात दाणा भरण्याचे हे दिवस. पाणी हवेच असते, पण हस्ताची जोराची सर वाऱ्यासह आली तर जड झालेले पीक आडवे पडते आणि दाणा चिखलात जातो. त्यामुळे मागणी धो धो पावसाची नाही. ‘आडव्या’ हा शब्द भरलेल्या लोंब्यांचे कौतुक आहे की पडलेल्या पिकाची भीती, दोन्ही वाचता येते. मी कौतुक वाचतो, कारण पुढे ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षे’ असा उत्सवाचाच सूर लागतो.

‘कांडा तीळ बाई, तांदूळ घ्या’ हे आम्ही ‘कांदा’ म्हणून गात आलो!

पुष्कळजण गातात. पण ‘कांडा’ ही आज्ञा आहे, कांडणे या क्रियापदाची. उखळात घालून मुसळाने कुटायचे, म्हणजे टरफल सुटते. साळ कांडली की तांदूळ निघतो. मसाला कांडप करून देणाऱ्यांच्या पाटीवर हा शब्द अजून दिसतो.

‘अतुल्या मतुल्या चरणी चातुल्या’चा अर्थ?

इथे कोश मिटून ठेवा. अतुल्याला मतुल्या, चरणीला चातुल्या असे आवाजाला आवाज जोडत पावले टाकायची आहेत. ‘अतुल्य’वरून तत्त्वज्ञान काढणारे भेटतात, पण मग मतुल्याचे काय करायचे, ते कोणी सांगत नाही.