विद्यार्थ्याने शब्द बदललेत, पण वाक्य मूळ लेखासारखंच वाटतं. ही चोरी धरायची का?

शब्द बाजूला ठेवा, सांगाडा बघा. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्टच्या विदारणातून तयार झाली असून तिच्यात ओलावा दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे ती कापसासाठी उपयुक्त ठरते.’ विद्यार्थी लिहितो: ‘दख्खन पठारावरची काळी जमीन बेसाल्टच्या झिजेतून बनली असून तिच्यात ओल बराच काळ राहते, म्हणून ती कापसाला उपयोगी पडते.’ मुद्द्यांचा क्रम तोच, ‘असून’चा सांधासुद्धा जागेवर. खाली संदर्भ दिला तरी मी हे परत पाठवेन, कारण संदर्भ माहितीचं श्रेय देतो, वाक्यरचनेचं नाही. ‘बेसाल्ट’, ‘कापूस’ तसेच राहिले तर हरकत नाही; त्यांना पर्याय शोधायला लावणं उगाचच.

खरं पुनर्लेखन असं दिसेल: ‘पाऊस थांबल्यावरही कोरडवाहू कापूस तग धरतो, कारण बेसाल्टपासून झालेली काळी माती पाणी धरून ठेवते.’ याच्याखालीही संदर्भ हवाच.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवर विसंबू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण वरच्यासारखी शब्दांची अदलाबदल त्या आकड्यात बऱ्याचदा दिसतच नाही. शंका असेल तर मूळ लेख बाजूला ठेवून विद्यार्थ्याला तोच मुद्दा तोंडी सांगायला लावा.