बाबांच्या मृत्यूची तारीख माहीत आहे, तिथी नाही. पितृपंधरवड्यात महालय कोणत्या दिवशी करायचा?

तारखेवरून तिथी निघते, पण आधी बाबा किती वाजता गेले ते नक्की करा. दवाखान्याच्या कागदांवर वेळ सापडेल. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेली तिथी त्या दिवशीच्या सूर्योदयाची असते. ती दुपारी, रात्री, केव्हाही संपते, आणि श्राद्धाला धरायची ती प्राण गेला त्या वेळची.

आमच्या घरी नेमकी इथेच चूक झाली. काका २७ ऑक्टोबर २०१९ ला रात्री दहाच्या सुमारास गेले. त्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच दिवशी आलं होतं. चुलतभावाने दिनदर्शिकेत चतुर्दशी पाहिली आणि वर्षश्राद्धानंतर दोन वर्षं भाद्रपद वद्य चतुर्दशीला महालय केला. तिसऱ्या वर्षी नवे गुरुजी आले. त्यांनी वेळ विचारली आणि जुनं पंचांग उघडलं. चतुर्दशी दुपारी साडेबाराच्या आतच संपली होती, म्हणजे काका गेले अमावास्येला. शिवाय ती चतुर्दशी शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची, म्हणून तिला घातचतुर्दशी म्हणतात. काका तर आजारपणात, अंथरुणावर गेले. ऐकून काकू कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या. तेव्हापासून महालय सर्वपित्रीला होतो.

तिथी कळली की पुढचं सोपं. बाबा कोणत्याही महिन्यात, शुद्ध पंचमीला गेलेले असोत की वद्य, महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच. पौर्णिमेला गेले असतील तर सर्वपित्री अमावास्येला करा. वेळ काही केल्या कळलीच नाही तरी सर्वपित्री आहेच. पंचमी दोन दिवसांत विभागली असेल तर पंचांगात ‘पंचमी श्राद्ध’ लिहिलेला दिवस धरा. तो अपराह्णकाळ, म्हणजे साधारण दुपारी दीड ते चार, पाहून ठरवलेला असतो.

आणखी एक. महालय एकट्या बाबांचा नसतो. आजोबा, पणजोबा, आईकडची मंडळी, गेलेले काका-मामा, आत्या-मावशी, गुरू, मित्र, सगळ्यांना पिंड आणि तिलोदक असतं. म्हणून नावं आणि गोत्रं आदल्या दिवशीच लिहून ठेवा. गोत्र कळत नसेल तर काश्यप म्हणतात. तर्पणाला बसल्यावर जानवं उजव्या खांद्यावर येतं, ओंजळीत काळे तीळ आणि पाणी, आणि ते पाणी बोटांच्या टोकांवरून नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं. त्या वेळी गुरुजी नावासाठी थांबतात, आणि आठवत बसलं की हमखास कुणीतरी राहतं. आमच्या यादीत यंदा काकूंनी लहानपणी गेलेल्या त्यांच्या मैत्रिणीचं नाव घातलं.