‘बिनव्याजी’ हप्त्यावर फर्निचर घ्यावं का?

प्रश्न: परभणीत स्वतःच्या घरात राहायला आलोय. बेड, कपाट आणि सोफा मिळून ६०,००० होतात. दुकानदार म्हणतो बिनव्याजी, ५,००० चे १२ हप्ते; दोन आधी भरायचे, शिवाय फाईल चार्ज ९९९ आणि त्यावर जीएसटी. रोख दिले तर ५४,००० म्हणतो. पगार ३४,०००, घरकर्जाचा हप्ता ११,०००, बँकेत २८,००० आहेत. हप्त्यावर घ्यावं की साठवून?

ताई, दुकानदाराने रोखीचा भाव सांगितला, तिथेच उत्तर आहे. सामानाची खरी किंमत ५४,०००. वरचे ६,००० हेच व्याज, फक्त किमतीत मिसळलेलं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच.

आता हिशोब करू. पहिल्या दिवशी तुम्ही दोन हप्ते आणि जीएसटीसह फाईल चार्ज असे ११,१७९ रुपये द्याल. म्हणजे ५४,००० मधले ४२,८२१ रुपयेच तुम्ही उधार घेताय, आणि फेडताय ५०,०००, तेही दहा महिन्यांत. ७,१७९ रुपये जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, त्यामुळे हा दर वर्षाला जवळपास ३५ टक्के पडतो. तुमचं घरकर्ज याच्या जवळपासही नसेल.

कर्ज देणारी कंपनी सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देते, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. तो जरूर वाचा, पण त्यावर विसंबू नका. रोखीची ६,००० ची सूट त्या कागदाला माहीतच नसते, म्हणून तिथला दर खूपच कमी दिसेल.

मी तुमच्या जागी असते तर एवढंच केलं असतं. आज फक्त बेड घ्यायचा. पहिल्या दिवशी ११,१७९ जाणारच होते, त्यात दोन-तीन हजार घालून साधा बेड रोखीत घ्या. तरी बँकेत १४,००० च्या आसपास उरतात. तेवढे राहूच द्या, कारण पगार लांबला तरी घरकर्जाचा एक हप्ता त्यातून निघाला पाहिजे. मग हप्त्याचे तेच ५,००० दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. कपाट आणि सोफ्याचे उरलेले ४०,००० आठ महिन्यांत जमतात, आणि गावाकडून सोयाबीनचे पैसे येत असतील तर त्याआधीच. मात्र त्या पैशांच्या भरवशावर हप्ता घेऊ नका. पाऊस लांबला की माल उशिरा विकतो, हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून वळता होतो. खात्यात पैसे नसले तर बँक आणि कंपनी दोघंही दंड लावतात, शिवाय सिबिल बिघडतं.

एकाच परिस्थितीत हप्ता घ्या म्हणेन: रोखीचा भाव आणि बारा हप्त्यांची बेरीज तंतोतंत सारखी असेल आणि फाईल चार्ज नसेल. विचारताना मात्र आधी ‘रोख किती?’ विचारा, तो आकडा बिलाच्या कोऱ्या कागदावर लिहून घ्या आणि हप्त्याचं नाव त्यानंतरच काढा. उलट केलं तर रोखीचा भाव ६०,००० च सांगतात.

सोफा घेताना तो उलटा करून खालचं कापड थोडं बाजूला सारा. आत भुशाचा दाबलेला बोर्ड दिसला तर पावसाळ्यातल्या ओलीने तो फुगतो. त्यापेक्षा सुताराकडून सागवानी सांगाडा बनवून घ्या, आठ महिने हातात आहेतच.