पंपाला सॉफ्ट स्टार्टर की व्हीएफडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, नदीवर ३० एचपीचा मोनोब्लॉक आहे, नवीन सॉफ्ट स्टार्टर बसवला. मेकॅनिक म्हणाला करंट लिमिट २०० टक्क्यांवर ठेवा म्हणजे मोटर जपून चालेल. आता मोटर फिरायला लागते पण स्पीडच घेत नाही, गुरगुरत राहते आणि २०-२५ सेकंदांनी ट्रिप. मोटर गेली का?

मोटर ठीक असावी दादा, तिला उपाशी ठेवलंय. सॉफ्ट स्टार्टर मोटरला द्यायचा व्होल्टेज कापतो, बस्स, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. आणि व्होल्टेज अर्धा केला तर करंट अर्धा होतो पण टॉर्क अर्धा नाही, पाव होतो. सगळी गंमत इथेच आहे.

तुमच्या मोटरचा फुल लोड करंट ४० अँपिअर धरू, डायरेक्ट चालू केली तर ती सहापट म्हणजे २४० खेचेल आणि उभ्या जागी साधारण दीडशे टक्के टॉर्क देईल. (नेमका आकडा मोटरच्या टेस्ट सर्टिफिकेटवर असतो, ते कपाटात कुठेतरी पडलेलं असेल.) आता लिमिट २०० टक्के म्हणजे ८० अँपिअर, म्हणजे २४० चा तिसरा हिस्सा, म्हणून टॉर्क नवव्या हिश्श्यावर आला, दीडशेचे झाले १७ टक्के. पंपाला सुटायला तेवढा पुरतो म्हणून फिरायला लागते. पण पंपाची मागणी स्पीडच्या वर्गाने वाढते, ४० टक्के स्पीडला १६ टक्के टॉर्क लागतो, अर्ध्या स्पीडला २५. म्हणजे ४० च्या आसपास देणं आणि घेणं सारखं झालं, मोटर तिथेच अडकली, वर सरकायला काही शिल्लकच नाही. लिमिट ३०० केली की टॉर्क सव्वादोनपट होतो आणि बहुतेक पंप उठतात, नाही उठला तर ३५० करा.

व्होल्टेज रॅम्प आणि करंट लिमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पॅनेलवाले पण घोळ करतात. रॅम्प घड्याळाकडे बघतो, समजा ४० टक्के व्होल्टेजपासून १० सेकंदांत १०० वर. लिमिट अँपिअरकडे बघते, करंट तिथे पोचला की रॅम्प जागेवर थांबवते आणि करंट उतरेपर्यंत व्होल्टेज वाढू देत नाही. म्हणून तुमच्याकडे रॅम्पचा टाइम १० चा २० केला तरी काही फरक पडणार नाही, अडवलंय लिमिटने.

ओळखायचं कसं, तर टोंग टेस्टर लावून बसा. करंट लिमिटला चिकटतो, काही सेकंद राहतो आणि मग एकदम धपकन खाली येतो, याचा अर्थ मोटरने स्पीड पकडला. खाली आलाच नाही तर अडकली. आणि हो, सॉफ्ट स्टार्टर वगळून मोटर थेट लाइनवर घेणारा बायपास कॉन्टॅक्टर टायमरवर लावलेला नाही ना बघा, मी एका पॅनेलात पाहिलाय, मोटर अर्ध्या स्पीडला असतानाच टायमर संपायचा आणि कॉन्टॅक्टर धाडकन बसायचा, म्हणजे जवळपास डायरेक्टच चालू झाली की. सॉफ्ट स्टार्टरचा स्वतःचा फुल स्पीड सिग्नल असतो, त्याच्यावरच घ्या.

प्रश्न : आमची पण ३० एचपी, ६३ केव्हीएच्या डीपीवर बाकी तीन जणांचे साडेसात एचपीचे पंप आहेत. मी चालू केली की त्यांच्या मोटरी घरघरतात, भांडणं होतात. सॉफ्ट स्टार्टर आहे तरी! व्हीएफडीने थांबेल?

थांबेल. ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद साधारण ८४ अँपिअर. शेजाऱ्यांचे तीन पंप मिळून ३२ धरा, तुमचा सॉफ्ट स्टार्टर ३०० टक्क्यांवर १२० घेतो, झाले दीडशे. आठ-दहा सेकंद डीपी हे सहन करते, पण व्होल्टेज बसतो आणि लांब लाइन असेल तर अजून बसतो. तुम्हाला कळत नाही कारण सॉफ्ट स्टार्टर त्यावेळी तसाही अर्धाच व्होल्टेज वापरत असतो, भोगतात शेजारी! आणि लिमिट खाली आणायला जावं तर वरच्या दादांसारखी मोटर अडकणार.

व्हीएफडी व्होल्टेजसोबत फ्रिक्वेन्सीही बदलतो, त्यामुळे हा पेचच येत नाही. मोटर उभी असताना तिला ५० हर्ट्झ दिले की आतलं मॅग्नेटिक फील्ड १५०० आरपीएमने पळतं आणि रोटर जागेवर, त्या फरकामुळे करंट प्रचंड पण कामाचा टॉर्क थोडा. व्हीएफडी दोन-तीन हर्ट्झपासून सुरू करतो, व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी, म्हणजे फील्डच हळू फिरतं, रोटर त्याच्या मागेच असतो आणि प्रत्येक अँपिअरचा टॉर्क होतो. हिशोबच बघा, सॉफ्ट स्टार्टर तिप्पट करंट घेऊन सुरुवातीला ३७-३८ टक्के टॉर्क देतो, व्हीएफडी एकपट करंटमध्ये जवळपास पूर्ण टॉर्क देतो. तुमचा पंप ४० अँपिअरच्या वर न जाता स्पीडला येईल आणि डीपीकडून तर सुरुवातीला त्याहूनही कमी खेचेल.

व्हीएफडीत पण करंट लिमिट असते पण तिचं वागणं वेगळं, करंट वाढला तर ती फ्रिक्वेन्सी वाढवणं थांबवते, चालू असताना वाढला तर फ्रिक्वेन्सी खाली आणते. मोटर अडकून तापत बसत नाही, पंप हळू होतो आणि पाणी कमी येतं.

पण डीपी तुमची एकट्याची असेल आणि पंप कायम पूर्ण स्पीडलाच चालणार असेल तर माझं मत सॉफ्ट स्टार्टर आणि बायपास. व्हीएफडी चालू असेपर्यंत दोन-तीन टक्के वीज स्वतःच खातो आणि खोलीत ऊन-धूळ असेल तर त्याचा पंखा जपावा लागतो.

प्रश्न : १२०० मीटर लोखंडी पाइप, उंची ३२ मीटर. बंद करताना एनआरव्ही असा आपटतो की पाइप हलतो. सॉफ्ट स्टॉप २० सेकंद ठेवलाय, फरक नाही. व्हीएफडी घेतला तर ३५ हर्ट्झवर चालवून बिल पण वाचवीन म्हणतो.

दोन्हीचं उत्तर एकाच आकड्यात आहे. तुमच्या पंपाचं शटऑफ हेड, म्हणजे पाणी पुढे जात नसताना पंप जेवढ्या उंचीचा दाब धरतो ते, ५० मीटर आहे असं धरतो, कर्व्हवर बघून घ्या. हेड स्पीडच्या वर्गाने उतरतं, ४० हर्ट्झला ते ५० चं ३२ होतं, म्हणजे ४० च्या खाली पाणी वर चढतच नाही. ३५ ला पंप नुसतं पाणी घुसळेल, तापेल, बिल चालू आणि शेतात थेंब नाही. तुमच्या हातात ४० च्या वरचीच पट्टी आहे, तिथेही ४४-४५ च्या खाली पाणी फार कमी येईल, उंची जास्त असलेल्या लाइनवर बचतीच्या जाहिराती जरा बेतानेच ऐका.

आता आपटण्याचं. सॉफ्ट स्टॉप व्होल्टेज उतरवतो, पण सुरुवातीला मोटर स्पीड जवळपास सोडतच नाही, उलट करंट थोडा वाढतो, आणि एका जागी टॉर्क अपुरा पडला की सेकंदभरात कोसळते. तुमच्या २० सेकंदांतला पाण्याच्या कामाचा तो एकच सेकंद. लोखंडी पाइपमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर जाते, जाऊन परत यायला २.४ सेकंद, त्याच्या आत पाणी थांबलं की पूर्ण दणका बसतो.

व्हीएफडीने फ्रिक्वेन्सी खरोखर उतरते, पण तिथेही स्टॉप टाइम २० ठेवलात तर ५० वरून ४० ला फक्त चार सेकंदांत येईल आणि पाणी तिथेच थांबतं. टाइम ५० करा, म्हणजे ते १० सेकंद मिळतात. कमी हर्ट्झवर थोडा वेळ घुसळलं तर काही बिघडत नाही. फक्त लाइट गेली तर व्हीएफडी आणि सॉफ्ट स्टार्टर दोघंही हात वर करतात, त्याच्यासाठी स्प्रिंगचा लवकर बसणारा एनआरव्ही आणि चढावरच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह लागतोच.