काळजी, चिंताविकार, पॅनिक आणि फोबिया: कोणत्या वेळी कोणता शब्द?

प्रश्न: ‘मला अँग्झायटी आहे’, ‘मी पॅनिक झालो’, ‘तिला लिफ्टचा फोबिया आहे’ असं हल्ली सगळेच म्हणतात. साधी काळजी आणि या तिन्हींत नेमका फरक काय? मराठीत यांना वेगवेगळे शब्द आहेत का?

शब्द आहेत. काळजी, चिंताविकार, भीतीचा झटका आणि भयगंड. गोंधळ होतो, कारण चारही अवस्थांत छाती धडधडते, झोप उडते आणि माणूस ‘घाबरलो’ एवढंच सांगतो.

काळजीबाबत आपली भाषाच एक चांगली खूण देते: काळजी मिटते. मुलगा रात्री उशिरापर्यंत आला नाही की आईचा जीव टांगणीला लागतो. दाराची बेल वाजली की ती निवांत झोपते. चिंताविकारात हे मिटणं होत नाही. मुलगा घरी आला तरी मन लगेच उद्याच्या त्याच्या परीक्षेकडे, तिथून नवऱ्याच्या नोकरीकडे, तिथून आईच्या गुडघ्याकडे वळतं. विषय बदलत राहतात, चिंता तशीच राहते. निदानासाठी डॉक्टर साधारण हे पाहतात: किमान 6 महिने, बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींबद्दल आवरता न येणारी चिंता, आणि जोडीला थकवा, चिडचिड, आखडलेले खांदे, न लागणारी झोप, उडालेलं लक्ष यांपैकी काही त्रास. यासाठी ‘सार्वत्रिक चिंताविकार’ असा शब्द वापरतात. इथे सार्वत्रिक म्हणजे ‘सगळ्यांना असणारा’ नव्हे, तर ‘कुठल्याही एका विषयाला न बांधलेला’.

पॅनिकमध्ये पाहायचा तो वेग. भीती एकदम उसळते आणि काही मिनिटांतच टोकाला पोचते. दरदरून घाम, हातापायांना कंप, श्वास कोंडल्यासारखा, आणि ‘आता मी मरणार’ किंवा ‘मला वेड लागणार’ ही खात्री. ‘जीव घाबराघुबरा झाला’ हे आपलं वर्णन याच्या बरंच जवळ जातं. पण एक झटका म्हणजे विकार नव्हे. काही कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त काळ माणूस पुढच्या झटक्याच्या धास्तीत राहतो किंवा त्यापायी वागणं बदलतो, तेव्हा त्याला पॅनिक विकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही 1980 सालापर्यंत हा आणि सार्वत्रिक चिंताविकार एकाच नावाखाली होते. त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीने ते वेगळे केले.

आता तुमचं लिफ्टचं उदाहरण घेऊ. समजा, अकराव्या मजल्यावर राहणारी एक बाई लिफ्ट टाळून जिन्याने चढते. एवढ्यावरून फोबिया म्हणता येत नाही. तिला विचारायचं, ‘लिफ्टमध्ये काय होईल असं वाटतं?’ ती म्हणाली, ‘दोर तुटेल, दार उघडणार नाही’, तर भीती लिफ्टचीच आहे. लिफ्ट समोर आली की दरवेळी भीती वाटते, एरवी ती अगदी ठीक असते. हे कित्येक महिने चाललं असेल आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असेल, तर भयगंड हा शब्द बरोबर. पण ती म्हणाली, ‘मागे बाजारात अचानक छातीत धडधडायला लागलं होतं, तसं लिफ्टमध्ये झालं तर बाहेर कशी पडू?’, तर तिला भीती झटक्याची आहे. अशी माणसं पुढे लोकल, सिनेमागृह, गर्दीचं लग्नघरही टाळू लागतात; यादी वाढत जाते. आणि ती म्हणाली, ‘लिफ्ट अडकली तर मुलांना उशीर होईल, मग बाई रागावतील, मग...’, तर सार्वत्रिक चिंतेचा विचार करावा लागतो.

हा फरक उपचारातही लागतो. लिफ्टच्या भयगंडात थेरपिस्ट तिला टप्प्याटप्प्याने लिफ्टजवळ नेतात: आधी उघड्या दारात उभं राहणं, मग एक मजला. पॅनिक विकारात धडधडीचीच भीती कमी करायची असते. म्हणून जागच्या जागी धावायला लावून मुद्दाम छाती धडधडवतात, म्हणजे ती धडधड जीवघेणी नाही हे अनुभवाने पटतं. रक्त आणि सुई यांच्या भयगंडाची तऱ्हा वेगळीच. त्यात रक्तदाब आधी चढतो आणि मग घसरतो, त्यामुळे माणसाला खरोखर भोवळ येते. म्हणून अशा रुग्णाला अंग सैल सोडायला नव्हे, तर हातापायांचे स्नायू आवळायला शिकवतात.

छातीत दुखून असा झटका पहिल्यांदाच आला असेल, तर आधी लगेच हृदयाची तपासणी करून घ्यावी; थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यानेही धडधड होते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला अँग्झायटी आहे’ एवढंच सांगू नये. त्रास कशाने सुरू होतो, किती वेळ टिकतो आणि त्यापायी काय काय टाळलं जातं, हे आपल्या नेहमीच्या शब्दांत सांगावं.