पैठणी ऑनलाइन विकताना वर्णनात नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: येवल्याच्या हातमागावरच्या पैठण्या ऑनलाइन विकायला घेतल्या आहेत. आतापर्यंत "प्युअर सिल्क, रिच पदर" एवढंच लिहीत होते, पण गिऱ्हाइकं फोन करून तेच तेच विचारतात. साडीला हात न लावता घेणाऱ्या बाईला विण, जर, नेसल्यावर कशी बसेल, ब्लाउजपीस आणि निगा हे सगळं कसं सांगावं?

उत्तर: दुकानात बाई पैठणी उघडल्यावर काय करते ते आठवा. पदर उलटा करून बघते, काठावरून बोट फिरवते, साडी हातावर तोलते, मग ब्लाउजपीस कुठे आहे ते विचारते. तुमचं वर्णन त्याच क्रमाने लिहा. पहिला फोटो नेहमीसारखा पदराचा असू द्या, पण दुसरा पदराच्या उलट्या बाजूचाच हवा. अर्धे फोन तिथेच थांबतील.

कारण पैठणीची खरी ओळख उलट बाजूलाच पटते. पदरातला मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. विणकर ताण्याचे धागे मोजून ती तेवढ्याच भागातून नेतो आणि रंग संपला की शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. त्यामुळे मागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. जॅकार्ड म्हणजे मागावर बसवलेलं, नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र. त्यावरच्या नक्षीत न लागणारा धागा मागून तसाच पुढे जातो. तो कापून टाकतात किंवा मागून जाळी लावतात, नाहीतर बांगडी आणि अंगठी त्यात अडकते. म्हणून "हातविणीची" एवढ्यावर भागवू नका. "पदर तिल्लीवर विणलेला, मागे तरंगते धागे नाहीत, जाळी लावायची गरज नाही" असं लिहा. काठ जॅकार्डवर आणि पदर तिल्लीवर अशीही साडी असते. तीही हातमागाचीच, पण तसं स्पष्ट सांगा. नाहीतर साडी हातात पडल्यावर बाई काठ उलटून बघते आणि तिला फसवल्यासारखं वाटतं.

धूपछांव असेल तर ताणा कुठल्या रंगाचा आणि बाणा कुठल्या रंगाचा, दोन्ही लिहा. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, दोन बाजूंनी काढा. "रंग वेगळाच आला" या तक्रारीमागे बहुधा हीच दुरंगी छटा असते. कॅमेरा एका कोनातून एकच रंग पकडतो.

जरीबाबत सगळ्यात मोघम लिहिलं जातं आणि भांडणंही तिथेच होतात. "प्युअर जर", "गोल्डन जर" या शब्दांना काही अर्थ नाही. तीनपैकी एकच नाव लिहा: चांदीची, टेस्टेड किंवा प्लास्टिकची. चांदीच्या जरीत चांदीची तार धाग्याभोवती गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. टेस्टेडमध्ये तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी रंग. प्लास्टिकची जर म्हणजे चमकवलेली पॉलिएस्टरची पट्टी. तुम्हालाच खात्री नसेल तर साडीच्या आतल्या टोकाला सुटलेला जरीचा एक तुकडा घ्या. नखाने किंवा ब्लेडने खरवडल्यावर खालून पांढरट दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर टेस्टेड. ज्योतीजवळ नेल्यावर आक्रसून गोळा झाली तर प्लास्टिक. ही ढोबळ परीक्षा आहे. चांदीची म्हणून जादा किंमत लावणार असाल तर जर पुरवणाऱ्याच्या बिलावरचं चांदीचं प्रमाण सोबत द्या. सिल्क मार्कचं लेबल रेशमाची खात्री देतं, जरीची नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावं. टेस्टेड जर लिहायला संकोचू नका. भरपूर चांगल्या पैठण्या तिच्यावरच विणल्या जातात. फक्त वर्षांनी ती तांबूस-काळपट पडते, आणि ते आधी सांगितलेलं बरं.

साडी अंगावर कशी बसेल हे "सॉफ्ट" किंवा "फॉलिंग" अशा शब्दांतून कळत नाही. वजन ग्रॅममध्ये द्या आणि वजन कुठे आहे तेही सांगा. पैठणीत जर बहुतेक पदरात आणि काठात असते. त्यामुळे अंग हलकं आणि पदर जड असेल तर पदर मागे ओढतो, खांद्यावर पिन लागतेच. पिन काठाच्या जरीत न टोचता रेशमी अंगात लावायला सांगा, जरीचा धागा ओढला जाऊन सुटतो. निऱ्या करून सोडतानाची पंधरा-वीस सेकंदांची चित्रफीत टाका. निऱ्या ताठ उभ्या राहतात की लगेच खाली बसतात, हे त्यात दिसतं.

ब्लाउजपीसबद्दल चार गोष्टी हव्यात: लांबी, तो साडीला जोडूनच आहे का, त्यावर काठ एका बाजूला आहे की दोन्ही, आणि बुट्टी आहे की साधा. साडेपाच मीटर साडी आणि पुढे ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस असं बहुधा असतं. आखूड बाहीला एवढा पुरतो, पण छाती चाळीसच्या पुढे असेल किंवा कोपरापर्यंत बाही हवी असेल तर शिंपी एक मीटर मागतो. न विचारता ब्लाउजपीस कापून पाठवू नका.

एक नमुना देते, आकडे तुमच्या साडीप्रमाणे बदला:

"येवला हातमाग पैठणी. शुद्ध रेशीम, ताणा लाल, बाणा जांभळा, धूपछांव. पदर 28 इंच, तिल्लीवर विणलेले बांगडी मोर, दोन्ही बाजूंनी सारखा. काठ नारळी, 4 इंच, जॅकार्डवर. जर टेस्टेड. साडी 5.5 मीटर, पन्हा 46 इंच. ब्लाउजपीस 80 सेंमी, जोडूनच, जांभळा साधा, दोन्ही बाजूंना काठ. वजन ब्लाउजपीससह 720 ग्रॅम. किनारीला बारीक भोकं आहेत, ती विणताना कापड ताणून धरल्याची. पदरात एका मोराची चोच किंचित आखूड आहे, पाचवा फोटो पाहा."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. मोजून हाताने विणलेल्या दोन मोरांत एखाद्या धाग्याचा फरक राहतो. आधी फोटोत दाखवलेला फरक परत येत नाही, लपवलेला हमखास येतो.

निगेत "ओन्ली ड्रायक्लीन" लिहून सोडू नका, कारण सांगा. पाण्यात रेशीम आणि जर सारख्या प्रमाणात आटत नाहीत, काठाला चुण्या पडतात, आणि गडद लाल-जांभळा रंग शेजारी उतरू शकतो. डाग पडला तर चोळायचं नाही, कोरड्या सुती कापडाने टिपून ड्रायक्लीनला द्यायचं. इस्त्री कमी गरम, उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी अंगाला मारावा, जरीवर नको. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, दमट हवा आत कोंडली की जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, आणि तीन-चार महिन्यांनी उघडून घडी दुसऱ्या जागी घालावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम त्याच रेषेत फाटतं. ही निगा मराठीत छापलेल्या चिठ्ठीवर साडीच्या घडीतच घालून पाठवा. वेबपानावरचा मजकूर साडी कपाटात गेल्यावर कोणी शोधत बसत नाही.