बुडबुड्याचं गणित: आधी स्टीम टेबल उघड

मुंबई समुद्रसपाटीला, तेव्हा पाणी 100 अंशांना उकळतं असं धर. तापलेल्या भिंतीवरचा 1 मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा वाढायला, पृष्ठताण σ आणि त्रिज्या r धरून, आतला दाब बाहेरच्यापेक्षा 2σ/r ने, म्हणजे सुमारे 118 किलोपास्कलने जास्त हवा. इथे बहुतेक जण लगेच T केल्विनमध्ये घेऊन ΔT = 2σT/(ρhr) लावून (ρ वाफेची घनता, h सुप्त उष्मा) 33 अंश काढून मोकळे होतात. तू आतला एकूण दाब घे, 219 किलोपास्कल. स्टीम टेबलमध्ये त्याला संपृक्त, म्हणजे त्या दाबाला पाणी उकळण्याचं, तापमान सुमारे 123 अंश, म्हणजे जादा तापमान 23च! सूत्र दाब-तापमानाचा आलेख सरळ रेषा धरतं, खरा आलेख मात्र वर अधिकाधिक उभा होत जातो. 5 मायक्रॉनला 6.5 विरुद्ध 6 येतं, तिथे सूत्र खुशाल वापर. आणि हो, एवढं तापमान बुडबुड्याच्या माथ्यापाशीही लागतं. नुसती भिंत तापून भागत नाही.